पाचव्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. मी एम.एस्सी.ला असताना सुटीत घरी आले की ते एकदा तरी विचारायचे, ही सापेक्षता म्हणजे नेमकं काय गं? आणि मी दर वेळी सांगायची, बाबा, त्याला गणित लागतं. ते मान हलवून पुन्हा आपल्या कामाला लागायचे. पुढे मी वणीच्या कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. त्या काळात केव्हातरी ते गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं, कारण ते गणिताशिवाय देता येतं का, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

निवृत्त झाल्यावर तो विचार करायला वेळ मिळाला. एकही समीकरण न घेता सापेक्षता आणि क्वांटम सांगायचं, शाळेनंतर विज्ञान सुटलेल्या पण कुतूहल शिल्लक असलेल्या मोठ्या माणसांसाठी, असं पुस्तक मी लिहायला घेतलं. चार वर्षं लागली. गणित काढून टाकलं की हाताशी राहतात त्या उपमा, आणि प्रत्येक उपमा कुठे ना कुठे खोटं बोलतेच. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, हे मुलांना सांगायला सोपं, पण इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरलेल्या वाटेने फिरत नाही. ती उपमा मी तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. क्वांटमच्या प्रकरणांत तर मी पावलागणिक अडखळत होते. एकेक इलेक्ट्रॉन सोडला, समोर दोन फटी ठेवल्या, तर पडद्यावर एकेक ठिपका उमटत जातो. पण हजारो ठिपके जमले की त्यांचे पट्टे दिसतात, जणू प्रत्येकाला दोन्ही फटींची खबर होती. तो कोणत्या फटीतून गेला हे कळेल अशी सोय केली, की पट्टे नाहीसे होतात. इथपर्यंत प्रयोग सांगतो. मधल्या वाटेत इलेक्ट्रॉन नेमका काय करतो, यावर जाणत्यांचंही एकमत नाही. तिथे मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'इथून पुढे आपल्याला माहीत नाही.'

पाचवं प्रकरण काळावर होतं. त्यासाठी मी आपल्या भागातली कोळशाची मालगाडी घेतली. लांबलचक गाडी आहे, बरोबर मधल्या डब्यावर एक दिवा लागतो, दोन्ही टोकांना दोन माणसं बसली आहेत. गाडीवरच्या माणसांच्या हिशेबाने प्रकाश दोघांकडे एकाच क्षणी पोचतो. रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने मागचं टोक प्रकाशाला सामोरं येतं, पुढचं टोक त्याच्यापासून पळतं, म्हणून मागच्याला प्रकाश आधी मिळतो. खऱ्या मालगाडीत हा फरक मोजता येणार नाही इतका बारीक असतो, पण असतो. प्रकाशाचा वेग दोघांनाही तोच दिसतो, म्हणून दोघांपैकी कुणालाही चूक ठरवता येत नाही. म्हणजे दूरच्या दोन ठिकाणी 'एकाच वेळी' काय घडलं, याचं सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. तिथून पुढे मी खूप दूरच्या ताऱ्याजवळचा एक प्रवासी आणला. तो आपल्यापासून वेगाने दूर चाललाय. त्याच्या हिशेबातलं पृथ्वीवरचं 'आत्ता' आपल्या 'आत्ता'पेक्षा कित्येक वर्षं मागे असू शकतं.

पुण्याच्या संपादक बाईंनी हस्तलिखित वाचून फोन केला. प्रकरण चांगलंय, म्हणाल्या, पण ते कोरडं संपतं. वाचकाला घरी न्यायला काहीतरी द्या. मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी एक ओळ लिहिली, 'जे गेलं, ते कुठेही गेलेलं नाही. आपण फक्त तिथे नाही.' बाईंना ती इतकी आवडली की त्यांनी ती पुस्तकाच्या मागच्या पानावरही घेतली. मलाही आवडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. लिहिताना मनात वडील होते.

पुस्तक आल्यावर सात-आठ महिन्यांनी गावातल्या वाचनालयाने दर रविवारी सकाळी त्याचं वाचन ठेवलं. आम्ही सात-आठ जण असायचो. कोणी औषधाच्या दुकानातून यायचं, कोणी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चौथ्या रविवारी एक नवे गृहस्थ आले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. राजूरच्या बाजूला कोळशाच्या खाणीत त्यांनी सर्व्हेअर म्हणून नोकरी केली होती. मूळचे तांड्यावरचे, बंजारा. वडिलांची शेती होती, शिकून नोकरीला लागलेले घरातले ते पहिले. पुस्तक त्यांनी आधीच वाचून काढलं होतं. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

त्या दिवशी मालगाडीचं पान वाचलं. त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, गाडीवरचा एक सांगते, खालचा दुसरं सांगते. आमच्या कामात असं झालं त एक जन चुकला म्हनून समजा. इथं कोनीच नाही चुकला?"

मी म्हटलं, "कोणीच नाही. दोघांची मोजणी बरोबर आहे. चुकीची आहे ती आपली समजूत, की सगळीकडे एकच घड्याळ चालू आहे."

ते हसले नाहीत, मानही हलवली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या रविवारी कागदावर मालगाडीची आकृती काढून घेऊन आले, गाडीवरच्याच्या आणि खालच्याच्या अशा दोन्ही बाजूंनी, रेघा पट्टीने मारलेल्या. माझ्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती चांगली होती. तीस वर्षांत इतक्या चिकाटीने या गोष्टीच्या मागे लागलेला विद्यार्थी मला मिळाला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, माझी पोरगी तुमची विद्यार्थिनी होती.

त्यांनी वर्ष सांगितलं, नाव सांगितलं. मी आठवायचा प्रयत्न केला. बी.एस्सी.च्या त्या वर्गात साठ-सत्तर मुलं होती. मला चेहरा आठवेना. मी विचारलं, आता कुठे असते? ते म्हणाले, गेली. मूत्रपिंडाचा आजार होता, नागपूरला दीड वर्ष उपचार चालले. तुमचं पुस्तक निघालं त्याच्या थोडं आधी गेली. तिचा विषय काय होता ते ती असतानी कधी इचारलं नाही, म्हणून आता वाचून राह्यलो.

हे त्यांनी इतक्या हळू आणि सरळ आवाजात सांगितलं की बाकीच्यांना ते ऐकूही गेलं नसेल.

काही आठवड्यांनी त्यांनी मला तिच्या वर्षश्राद्धाला बोलावलं. राजूरला, सकाळी. मी बसने गेले. खाणीच्या रस्त्याकडेची झाडं नेहमीप्रमाणे काळवंडलेली होती. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. अंगणात कनात, पंचवीसेक माणसं, तांड्यावरून आलेल्या काही म्हाताऱ्या बाया. दारातच एक मुलगी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक छापलेलं कार्ड देत होती. मीही घेतलं. वर मुलीचा फोटो होता, वेणी पुढे घेतलेली, किंचित घाबरलेली. तो चेहरा पाहूनही मला ती आठवली नाही. फोटोखाली तिचं नाव, आणि नावाखाली माझी ओळ छापलेली होती. जे गेलं, ते कुठेही गेलेलं नाही. आपण फक्त तिथे नाही. खाली कंसात लिहिलं होतं, 'आधुनिक विज्ञान'.

मी ते कार्ड हातात धरून उभी राहिले. आत खोलीत हार घातलेला मोठा फोटो होता, त्याखालीही तीच ओळ, एका पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात. नकाशावर लिहितात तसं ते अक्षर होतं, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेलं. त्यांच्या पत्नी माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "बाई, हे रोज सकाळी वाचून दाखवतेत मले. तुमी लिवलं ना हे."

मी हो म्हटलं. पंगतीला बसले, दोन घास खाल्ले, आणि दुपारच्या बसने परत आले. घरी येऊन पाचवं प्रकरण उघडलं. माझंच होतं, तरी परक्याचं तपासावं तसं वाचलं. मालगाडीपर्यंत सगळं बरोबर होतं. दूरचा प्रवासीही बरोबर होता, म्हणजे तो हिशेब बरोबर होता. पण त्या हिशेबातून 'भूतकाळ कुठेतरी अजून आहे' हे निघत नाही. काही शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ तसं मानतात, काही मानत नाहीत, आणि दोघांतला निवाडा करेल असा एकही प्रयोग नाही. हे मला लिहितानाही माहीत होतं. दूरच्या त्या प्रवाशाला आपलं जुनं 'आत्ता' दिसत नाही, तिथे त्याला निरोप धाडता येत नाही. ते फक्त त्याच्या कागदावरचं गणित आहे. हेही माहीत होतं. हे सगळं गाळून मी एक सुंदर वाक्य लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी मी वाचनालयात गेले नाही. तब्येतीचं कारण कळवलं. त्या माणसाच्या घरातला आधार मी काढून घ्यावा का, एवढाच प्रश्न डोक्यात होता. नाही काढला तर कोणाचं काय बिघडतं, असंही मनाला सांगून पाहिलं.

बुधवारी ते स्वतःच घरी आले. हातात पुस्तक. चहा ठेवते म्हटलं तर म्हणाले, राहू द्या, आधी बोलू.

त्यांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. क्वांटमच्या भागात त्यांनी काही ओळींवर पेन्सिलीने छोटे गोल केले होते. प्रत्येक गोलात माझंच वाक्य होतं, थोड्याफार फरकाने तेच. इथून पुढे माहीत नाही. इथे एकमत नाही. हा अर्थ आहे, मोजमाप नव्हे. मग त्यांनी पानं मागे उलटून पाचवं प्रकरण काढलं. तिथे एकही गोल नव्हता.

"मॅडम, आमच्या खानीचा नकाशा असते," ते सांगू लागले. "जुनी गॅलरी, म्हनजे खालचा बोगदा, जिथं आपन सोता मोजलं, ती सलग रेघेनं काढाची. जिथं मोजता नाही आलं, कोनाच्या सांगन्यावरून काढली, ती तुटक रेघेनं. जुन्या गॅलरीत पानी भरून असते. तुटक रेघ सलग काढली आन् पोरं तिकडं खोदत गेली, त पानी अंगावर येते. मानसं मरतेत. तुमी सगळीकडं तुटक रेघ काढली. या एका पानावर नाही काढली. काहून?"

मी पुस्तक हातात घेऊन ते पान पुन्हा पाहिलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. मोजलेलं काय, ते आधी. आकाशात खूप उंचावर काही कण जन्मतात, त्यांचं आयुष्य इतकं थोडं की जमिनीपर्यंत पोचायच्या आत ते संपायला हवेत. पण प्रचंड वेगामुळे आपल्या हिशेबाने त्यांचं घड्याळ हळू चालतं आणि ते खाली सापडतात. विमानातून नेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली आहेत. दूरचं 'आत्ता' सगळ्यांचं एक नाही, हे त्याच सिद्धांतातून येतं, आणि तो सिद्धांत प्रत्येक कसोटीला उतरलाय. ती रेघ सलग आहे. शिवाय एक गोष्ट मी पुस्तकात लिहायलाच हवी होती, ती लिहिली नाही. आधी कारण, मग परिणाम, हा क्रम कोणाच्याही हिशेबाने उलटत नाही. जन्म आधी, आजार नंतर, हे त्या दूरच्या प्रवाशालाही तसंच. आणि त्यापुढे जे वाक्य आहे, ते विज्ञान नाही. ती माझी इच्छा होती.

त्यांनी विचारलं, "म्हनजे ती हाय का नाही?"

मी म्हटलं, "भाऊ, मला माहीत नाही. फिजिक्सलाही माहीत नाही. लिहिलं तेव्हाही मला माहीत नव्हतं."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, पुस्तक मिटलं. म्हणाले, बरं झालं इचारलं. मग उठले. चहा घेतलाच नाही. फाटकापर्यंत मी गेले, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. एक महिना गेला, मग दुसरा. आम्ही त्यांच्याशिवाय क्वांटमच्या भागात शिरलो. औषधवाले गृहस्थ दोन फटींच्या प्रयोगावर पुष्कळ प्रश्न विचारत, मी उत्तरं देई, पण लक्ष दाराकडे असे. राजूरला जावं असं कितीदा वाटलं. तिथे जाऊन काय बोलणार होते? सांगायचं ते सांगून झालं होतं.

याच सुमारास संपादक बाईंचा फोन आला. पहिली आवृत्ती संपत आली होती, दुसरीसाठी काही दुरुस्त्या असतील तर पंधरा दिवसांत पाठवा. मी म्हटलं, पाचव्या प्रकरणाचा शेवट बदलायचाय आणि मागच्या पानावरची ओळ काढायचीय. लोक तीच ओळ एकमेकांना पाठवतात, म्हणाल्या. त्या ओळीसाठीच पुस्तक घेणारेही आहेत. आणि ती काही खोटी नाही, तसं मानणारे मोठे शास्त्रज्ञ आहेत ना? मी सांगितलं, मानणारे आहेत, पण आपण ती 'मानतात' म्हणून दिलेली नाही. मग त्यांना मी कार्डाबद्दल सांगितलं, कंसातल्या 'आधुनिक विज्ञान' या दोन शब्दांबद्दलही. त्या पुढे वाद घालत बसल्या नाहीत. नवीन पान पाठवा, एवढंच म्हणाल्या.

ते पान लिहायला मला सहा दिवस लागले. त्यात आकर्षक असं काही नव्हतं. मोजलेलं काय, मानलेलं काय, आणि दोन्हींच्या मधे रेघ कुठे पडते, एवढंच. लिहून झाल्यावर मी ते पाकिटात घालून राजूरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवलं. सोबत एक ओळ, 'छापण्याआधी तपासून द्याल का?'

पाचव्या दिवशी ते आले. शनिवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. माझं पान घडी घालून खिशात होतं. या वेळी त्यांनी चहाला नाही म्हटलं नाही. कप रिकामा होईपर्यंत खाणीबद्दल बोलले, मग पान काढलं. दोन ठिकाणी खुणा होत्या. एका ठिकाणी मी 'बहुतेक शास्त्रज्ञ' लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, हे तुम्ही मोजलं का? नव्हतं मोजलं. मी 'काही' केलं. दुसऱ्या ठिकाणी वाक्य लांबलं होतं. ते त्यांनी दोन वाक्यांत तोडून दिलं, आणि ते खरंच सोपं झालं.

मग ते आपण होऊन बोलले. त्या बुधवारी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला काहीच सांगितलं नाही. रोज सकाळी ती वाचायला सांगायची, ते वाचायचे, पण तिच्याकडे न पाहता. पंधरा दिवसांनी राहवलं नाही, तेव्हा सांगून टाकलं. हे विज्ञानानं सांगितलेलं नाही, कोणाला ठाऊक नाही, मॅडमनाही नाही.

"मले वाटलं, रडन ती," ते म्हणाले. "थे म्हने, मले कुठं पुस्तकाची गरज होती. तुमी वाचाले बसत होते त तुमच्या मनाले बरं वाटे, म्हनून आयकत होती मी. पोरगी माही हाय का नाही, थे मी याडी हाव म्हनून मले मालूम हाय."

याडी म्हणजे आई. हे सांगताना त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. पुढे म्हणाले, तिनंच तो पुठ्ठा काढून ठेवला. आता फोटोखाली नाव तेवढंच आहे.

मी त्यांची माफी मागितली. ती त्यांनी मानली की नाही मला माहीत नाही. ते फक्त म्हणाले, चूक कोनाचीही होते, तपासायला कागद दिला हे बरं केलं. मग त्यांनी विचारलं, रविवारचं वाचन कुठपर्यंत आलं. दोन फटींचा प्रयोग झाला, म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा जरा पडला. त्यांना तेच पान सगळ्यांसोबत वाचायचं होतं.

आम्ही ते पान पुन्हा वाचलं.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा काही वाचकांची पत्रं आली. एका बाईंनी लिहिलं होतं, ती ओळ मी आईच्या फोटोजवळ लावली होती, तुम्ही ती का काढलीत? मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, हाताने. त्या बाईंचं पत्र सगळ्यांत शेवटी घेतलं. दोन मसुदे फाडले. शेवटी जे लिहिलं ते चारच ओळींचं होतं, आणि त्यात एकही उपमा नव्हती.

सर्व्हेअर आता महिन्यातून एकदा झरी जामणीच्या बाजूला जातात. तिथल्या एका आश्रमशाळेतले शिक्षक त्यांना बोलावतात, आणि ते त्या शिक्षकांना पाचवं प्रकरण समजावून सांगतात. मालगाडीची आकृती फळ्यावर काढतात. मागच्या महिन्यात मला घेऊन गेले होते. मी मागच्या बाकावर बसले. एका तरुण शिक्षकाने विचारलं की सर, मग काळ पुढे जातो की नाही? त्यांनी खडू खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आपलं आपणच, सावकाश, जेवढं मोजलंय तेवढं सांगितलं, आणि तिथे थांबले.